घर विकलं, आता भांडवली नफ्याचं गणित: इंडेक्सेशन, १२.५ की २० टक्के, आणि नवीन घराची सूट

जुना फ्लॅट विकून छोटा घ्यायचा, किंवा गावाकडे घर बांधायचं, असं ठरलं की पहिला प्रश्न येतो: कर किती बसेल? बहुतेक जण विक्रीच्या किमतीतून खरेदीची किंमत वजा करतात, आकडा बघून दचकतात आणि मग कर वाचवायला गरजेपेक्षा महाग घर शोधायला लागतात. बऱ्याच वेळा त्याची गरज नसते. जुलै २०२४ नंतर नियम बदलले, त्यामुळे हिशेब दोन पद्धतींनी करून बघावा लागतो. तो कोणत्या क्रमाने केला यावर लाखभर रुपयांचा फरक पडू शकतो.

खालचा सगळा हिशेब आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये विकलेल्या राहत्या घराचा आहे. या विक्रीला १९६१ चाच आयकर कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्यानंतरच्या विक्रीसाठी कलम ५४ शोधत बसू नका, तिथे नवीन क्रमांक बघा.

आधी हे कागद एका फाइलमध्ये लावा

- खरेदीचं नोंदणीकृत खरेदीखत किंवा करारनामा, त्याची इंडेक्स टू आणि नोंदणीची पावती
- विक्रीचा करारनामा आणि त्याची इंडेक्स टू
- घरात केलेल्या कामाची बिलं आणि ती रक्कम खात्यातून गेल्याचे बँक स्टेटमेंट
- दलालाची पावती, विक्रीच्या आणि खरेदीच्याही वेळची
- घर वारशाने आलं असेल तर आईवडिलांचे मूळ खरेदीचे कागद
- घर १ एप्रिल २००१ पूर्वीचं असेल तर नोंदणीकृत मूल्यांकनकाराचा अहवाल
- फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा

१. घर दोन वर्षं ताब्यात होतं का?

चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ घर तुमच्याकडे असेल तरच नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. त्याआधी विकलं तर नफा पगारासारखा नेहमीच्या स्लॅबमध्ये जातो आणि नवीन घराची सूटही मिळत नाही. वारशाने आलेल्या घराला आधीच्या मालकाचा काळही मोजतात. म्हणजे वडिलांनी १९९५ साली घेतलेलं घर त्यांच्या पश्चात तुमच्या नावावर होऊन सहाच महिने झाले असले, तरी ते दीर्घ मुदतीचंच.

घर दोघांच्या नावावर असेल तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा हिशेब वेगळा करायचा. पत्नीचं नाव फक्त सोयीसाठी घातलं होतं आणि सगळा पैसा नवऱ्याचा होता, असं असेल तर पैसा कुणाचा हे बँकेच्या नोंदींवरून दाखवता आलं पाहिजे.

२. विक्रीची किंमत: इंडेक्स टू मधले दोन आकडे बघा

करारनाम्यात लिहिलेली रक्कम हीच विक्रीची किंमत, असं दरवेळी नसतं. इंडेक्स टू वर दोन आकडे असतात: मोबदला आणि बाजारभाव. बाजारभाव रेडी रेकनरवरून काढलेला असतो. तो मोबदल्यापेक्षा दहा टक्क्यांपर्यंत जास्त असेल तर काळजी नाही, मोबदलाच धरायचा. दहा टक्क्यांच्या वर गेला की मात्र आयकर खातं पूर्ण बाजारभाव हीच तुमची विक्रीची किंमत मानतं. फ्लॅट १ कोटीला विकला आणि बाजारभाव १ कोटी ८ लाख असेल तर किंमत १ कोटीच. बाजारभाव १ कोटी १२ लाख असेल तर किंमत सरळ १ कोटी १२ लाख. फक्त वरचे दोन लाख धरतात असा गैरसमज फार आहे. अशा वेळी फटका खरेदीदारालाही बसतो, कारण तो फरक त्याचं उत्पन्न धरला जातो.

करार आधी झाला, खरेदीखत वर्षभराने झालं आणि मध्ये रेडी रेकनर वाढला, असं झालं तर कराराच्या दिवशीचा दर धरता येतो. त्यासाठी एक अट आहे: कराराच्या दिवसापर्यंत काही रक्कम चेकने किंवा बँकेतून आलेली असली पाहिजे. रोख इसार इथे कामाचा नाही.

या किमतीतून विक्रीचा थेट खर्च वजा होतो: दलाली, वकिलाची फी, सोसायटीला तुम्ही भरलेली हस्तांतरण फी. थकलेला मेंटेनन्स, मालमत्ता कर किंवा कर्जफेड वजा होत नाही. बँकेचं कर्ज फेडून हातात तीसच लाख उरले म्हणून नफा तीस लाख होत नाही.

३. घराचा मूळ खर्च

खरेदीची किंमत, तेव्हाचं मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, दलाली हे सगळं एकत्र मांडा. मुद्रांक शुल्क विसरणारे खूप असतात, आणि जुन्या घरात ते विसरणं महागात पडतं, कारण इंडेक्सेशनमुळे, म्हणजे जुना खर्च महागाईप्रमाणे वाढवून धरल्यामुळे, त्या रकमेचे पुढे दुप्पट-तिप्पट होतात.

गृहकर्जाचं व्याज इथे घालायचं नाही. ज्या व्याजाची वजावट तुम्ही दरवर्षी घेतली आहे ते खर्चात धरता येत नाही, हे आता कायद्यातच स्पष्ट लिहिलेलं आहे.

नंतर केलेलं काम सुधारणेचा खर्च म्हणून येतं, पण ते घराची किंमत वाढवणारं, कायमचं काम हवं. संडास-बाथरूम तोडून नव्याने बांधलं, वायरिंग बदललं, गच्चीवर खोली चढवली, हे चालतं. दिवाळीचा रंग, गळती काढणं, फ्रीज-सोफा हे चालत नाही. आणि बिल नसेल तर काम झालंच नाही असं समजून चाला. दहा वर्षांपूर्वीच्या कंत्राटदाराकडून आज जुन्या तारखेचं बिल आणण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. बिलाच्या तारखेला बँकेतून पैसे गेलेत का, हेच अधिकारी पहिल्यांदा विचारतो.

घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेलं असेल तर खऱ्या खर्चाऐवजी त्या दिवशीची वाजवी किंमत धरता येते. तिला वरची मर्यादा आहे: त्या दिवसाचं मुद्रांक मूल्य. मूल्यांकनकाराने २००१ चा रेडी रेकनर न बघता फुगवलेला आकडा दिला असेल तर तो अहवाल उपयोगाचा नाही. २००१ पूर्वीच्या सुधारणाही वेगळ्या धरायच्या नाहीत.

वारशाच्या घराला आधीच्या मालकाचा खर्च लागतो. इंडेक्सेशनसाठी महागाईचा निर्देशांक कोणत्या वर्षाचा धरायचा, यावर पूर्वी वाद होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली आधीच्या मालकाने घर घेतलं ते वर्ष धरायचं असा निकाल दिला, आणि महाराष्ट्र-गोव्यातल्या करदात्याला तो सरळ वापरता येतो.

४. दोन्ही पद्धतींनी नफा काढा

२३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे आणि इंडेक्सेशन नाही. पण घर किंवा जमीन त्या तारखेपूर्वी घेतलेली असेल, आणि विकणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब भारताचं रहिवासी असेल, तर जुन्या पद्धतीनेही कर काढता येतो: इंडेक्सेशन करून २० टक्के. दोन्हींतला कमी कर भरायचा.

इंडेक्सेशन म्हणजे जुना खर्च महागाईच्या निर्देशांकाने वाढवून आजच्या रुपयांत आणणं. सूत्र एवढंच:

```
इंडेक्स केलेला खर्च = खर्च × (विक्रीच्या वर्षाचा निर्देशांक ÷ खर्चाच्या वर्षाचा निर्देशांक)
```

२००१-०२ चा निर्देशांक १००, २००७-०८ चा १२९, २०१५-१६ चा २५४, आणि २०२५-२६ चा ३७६. वर्ष म्हणजे एप्रिल ते मार्च. फेब्रुवारी २००८ मधली खरेदी २००७-०८ मध्येच येते. सुधारणेला ती केली त्या वर्षाचा निर्देशांक लावायचा, घर घेतल्याच्या वर्षाचा नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू. पुण्यातला फ्लॅट जून २००७ मध्ये घेतला, शुल्क आणि दलाली धरून एकूण २६ लाखांना. २०१५-१६ मध्ये ४ लाखांचं बांधकाम आणि वायरिंग केलं. १४ नोव्हेंबर २०२५ ला १ कोटीला विकला, दलाली १ लाख गेली. निव्वळ हातात ९९ लाख.

इंडेक्सेशनशिवाय: ९९ लाखांतून २६ आणि ४ लाख वजा केले की नफा ६९,००,०००. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ८,६२,५०० रुपये.

इंडेक्सेशनसह: २६ लाख × ३७६ ÷ १२९ = ७५,७८,२९५. चार लाख × ३७६ ÷ २५४ = ५,९२,१२६. दोन्ही मिळून खर्च ८१,७०,४२१. नफा उरला १७,२९,५७९. त्यावर २० टक्के म्हणजे ३,४५,९१६ रुपये.

वर ४ टक्के सेस लागतो, आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर सरचार्जही. पण कुठली पद्धत बरी हे सेसने बदलत नाही. इथे जुनी पद्धत पाच लाखांहून जास्त वाचवते.

दरवेळी असंच होईल असं नाही. घराची किंमत किती पटीने वाढली यावर सगळं ठरतं. २०२५-२६ मध्ये विकलेलं घर २००१-०२ चं असेल तर मूळ खर्चाच्या साधारण ८.४ पटीपर्यंत जुनी पद्धत स्वस्त पडते. २००७-०८ च्या घराला ही सीमा ६.१ पट, २०१५-१६ च्या घराला जेमतेम २.३ पट. त्याहून जास्त किंमत आली असेल तर १२.५ टक्के बरे. हे नवीन घराची सूट घेण्यापूर्वीचं झालं. सूट घेतली की चित्र बदलतं, ते पुढे सहाव्या पायरीत.

परदेशात राहणाऱ्यांना, म्हणजे आयकराच्या दृष्टीने अनिवासी असलेल्यांना, ही निवड नाही. त्यांना १२.५ टक्के, इंडेक्सेशनशिवाय. नवीन घराची सूट मात्र त्यांनाही मिळते, घर भारतात घेतलं तर.

५. नवीन घराची सूट: मुदत आणि नाव

राहतं घर विकून आलेला दीर्घ मुदतीचा नफा दुसऱ्या राहत्या घरात घातला तर कलम ५४ खाली तेवढा नफा करमुक्त होतो. गुंतवायचा आहे तो नफा, विक्रीची सगळी रक्कम नाही. मोकळा प्लॉट किंवा दुकान विकलं असेल तर कलम ५४एफ लागतं, आणि तिथे पूर्ण सूट हवी तर निव्वळ विक्रीची सगळी रक्कम घरात घालावी लागते. दोन्हींची गल्लत करू नका.

मुदत अशी: तयार घर विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर विक्रीनंतर तीन वर्षांत पूर्ण करायचं. आपल्या उदाहरणात खरेदीची खिडकी नोव्हेंबर २०२४ ते नोव्हेंबर २०२७, आणि बांधकाम नोव्हेंबर २०२८ पर्यंत. आधी घेतलेलं घरही चालतं, यावरून हेही कळेल की विक्रीचे तेच रुपये नवीन घरात जावेत अशी अट नाही.

नवीन घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरता येते. फर्निचर नाही. घर एकच हवं. नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरांत विभागता येतो. सूट जास्तीत जास्त दहा कोटींपर्यंत.

घर विकणाऱ्याच्याच नावावर घ्या. “आता आमचं वय झालं, मुलाच्याच नावावर करू” हा विचार घराघरांत होतो आणि सूट तिथेच जाऊ शकते. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मुलाच्या नावावर घेतलेल्या घराला अशाच प्रकारची सूट नाकारली होती. मुलाचं किंवा पत्नीचं नाव सोबत घालायला हरकत नाही, पण पैसा आणि नाव दोन्ही तुमचं असू द्या. नंतर मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र आहेच, तेही तीन वर्षं उलटल्यावर. कारण तीन वर्षांच्या आत नवीन घर विकलं किंवा दुसऱ्याच्या नावावर केलं तर वाचलेला नफा त्या घराच्या खर्चातून वजा होतो आणि कर नव्याने मागे लागतो.

६. तुलना सूट वजा करून झाल्यावरच करा

हा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. अनेक जण आधी पद्धत ठरवतात, मग त्या पद्धतीच्या नफ्याएवढं घर शोधतात. कायदा तसं म्हणत नाही. कायदा म्हणतो: नव्या नियमाने शेवटचा कर काढा, जुन्या नियमाने शेवटचा कर काढा, आणि नव्याचा जेवढा जास्त असेल तेवढा सोडून द्या. जुन्या नियमाच्या हिशेबात नवीन घराची सूट इंडेक्स केलेल्या, म्हणजे लहान झालेल्या नफ्यातून वजा होते.

वरच्याच फ्लॅटच्या मालकाने साताऱ्यात ४० लाखांचं घर घेतलं असं धरा. नव्या नियमाने ६९ लाखांतून ४० लाख गेले, उरले २९ लाख, कर ३,६२,५००. जुन्या नियमाने नफाच १७,२९,५७९ आहे आणि घर ४० लाखांचं, म्हणजे करपात्र काही उरत नाही. कर शून्य. दोन्हींतला कमी तो शून्य, म्हणून भरायचं काही नाही. खरं तर १७ लाख ३० हजार घरात घातले असते तरी हाच निकाल लागला असता. ६९ लाखांचं घर घेण्याची सक्ती कुठेच नव्हती.

आता उलटं उदाहरण. तोच फ्लॅट २ कोटींना गेला, दलाली २ लाख. इंडेक्सेशनशिवाय नफा १ कोटी ६८ लाख, कर २१ लाख. इंडेक्सेशनसह नफा १,१६,२९,५७९, कर २३,२५,९१६. इथे बघणारा म्हणेल, १२.५ टक्केच बरे, विषय संपला. पण याने १ कोटीचं नवीन घर घेतलं तर? नव्या नियमाने ६८ लाखांवर ८,५०,०००. जुन्या नियमाने १६,२९,५७९ वर ३,२५,९१६. निकाल फिरला. कारण सोपं आहे: घरात घातलेला प्रत्येक रुपया नव्या हिशेबात साडेबारा पैसे वाचवतो आणि जुन्यात वीस पैसे. गुंतवणूक वाढत जाईल तशी जुनी पद्धत वेगाने खाली येते. (सेस आणि सरचार्ज इथे बाजूला ठेवले आहेत.)

रिटर्नमध्ये नफ्याचा आकडा इंडेक्सेशनशिवायचाच जातो, तुलना होते ती फक्त कराची. म्हणून कर शून्य असूनही उत्पन्नात काही लाख दिसले तर चूक झाली असं समजू नका. आणि इंडेक्सेशन करून नफ्याऐवजी तोटा आला तर तो पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

७. घर ठरलं नसेल तर कॅपिटल गेन खातं

दोन वर्षांची मुदत आहे म्हणून पैसे साध्या बचत खात्यात किंवा एफडीत ठेवून निवांत राहणारे पुष्कळ. सूट मात्र रिटर्नच्या मुदतीला अडते. रिटर्न भरण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत (वरच्या उदाहरणात ३१ जुलै २०२६) जेवढी रक्कम नवीन घरात गेलेली नाही, तेवढी कॅपिटल गेन अकाउंट स्कीम, १९८८ खालच्या खात्यात भरावी लागते. साधी एफडी, मग ती कितीही वेगळी ठेवलेली असो, चालत नाही.

हे खातं अधिकृत बँकेतच उघडतं आणि प्रत्येक शाखेत मिळत नाही, त्यामुळे जुलैच्या शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. फॉर्म ए भरायचा. प्रकार दोन: ए म्हणजे बचत, बी म्हणजे मुदत ठेव. बिल्डरला टप्प्याटप्प्याने द्यायचे असतील तर दोन्ही उघडा आणि गरजेपुरती रक्कम बचतीत आणा. पैसे काढायला फॉर्म सी, दुसऱ्यांदा काढताना आधीची रक्कम कुठे गेली हे सांगायला फॉर्म डी. काढलेली रक्कम साठ दिवसांत घरासाठी वापरायची, उरली तर परत भरायची. व्याजावर कर लागतो. खातं बंद करायला फॉर्म जी आणि आयकर अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती मिळायला वेळ जातो, म्हणून गरजेपेक्षा जास्त पैसे त्यात अडकवू नका. सहावी पायरी नीट सोडवली असेल तर किती भरायचं ते आधीच ठाऊक असेल.

तीन वर्षांत रक्कम वापरली नाही तर उरलेल्यावर ती मुदत संपते त्या वर्षी कर लागतो.

८. टीडीएस, आगाऊ कर आणि रिटर्न

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदार १ टक्का कापून फॉर्म २६क्यूबी ने भरतो. आपल्या उदाहरणात १ लाख. शेवटचा हप्ता घेण्याआधी तो तुमच्या २६एएस मध्ये दिसतो का ते तपासा. पॅन चुकलं असेल तर दुरुस्ती खरेदीदारालाच करावी लागते, आणि घराची चावी दिल्यावर तो फोन उचलेलच असं नाही. विक्रेता अनिवासी असेल तर हा १ टक्का लागू नाही. तिथे कपात खूप मोठी असते, आणि कमी कपातीचं प्रमाणपत्र विक्रीआधीच मागावं लागतं.

कर निघत असेल तर विक्रीनंतरच्या उरलेल्या आगाऊ कराच्या हप्त्यांत भरा. नोव्हेंबरमधल्या विक्रीसाठी १५ डिसेंबर आणि १५ मार्च. साठी ओलांडलेल्या आणि व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या रहिवाशांना आगाऊ कर नाही, त्यांनी रिटर्नसोबत भरला तरी चालतो.

पगार किंवा पेन्शन आणि ही विक्री एवढंच असेल तर आयटीआर-२. भांडवली नफ्याच्या पानावर खरेदीदाराचं नाव, पॅन, हिस्सा आणि घराचा पत्ता लागतो, तो आधीच लिहून ठेवा. मुद्रांक मूल्याच्या रकान्यात इंडेक्स टू मधला बाजारभाव जसाच्या तसा टाका, मोबदला पुन्हा लिहू नका. हा व्यवहार नोंदणी कार्यालयाकडून आयकर खात्याला आधीच कळलेला असतो, आणि दोन आकडे जुळले नाहीत की नोटीस त्या रकान्यावरूनच येते.